काखेखालची रेघ

कुरुंद्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात दोन मशिनी, एक कपाट आणि भिंतीला टेकवलेला उंच आरसा. मी फक्त ब्लाउज शिवते. माझ्या हातच्या ब्लाउजला मुंढ्यात, बाही जोडतो तिथं, एकही सुरकुती पडत नाही, असं मीच लोकांना इतक्यांदा सांगितलंय की आता लोकही तसंच म्हणतात. बाईनं श्वास घेतला तर हुक ताणायला पाहिजे आणि सोडला तर सैल पडता कामा नये, असं माझं फिटिंगचं माप. कोणी जरा ढगळ शिवून मागितलं की मला तो अपमान वाटायचा.

माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढून झाली, सलाईनमधून द्यायची औषधं झाली, डोक्यावर परत बोटभर केस आले, आणि मग डॉक्टर म्हणाले की आता रेडिएशन. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. शेकासाठी नांदेडला जायचं, सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे. हळद काढून, शिजवून, वाळत घालायचे ते दिवस. नवरा रानातून हलू शकत नव्हता. म्हणून माझ्यासोबत सासूबाई यायला निघाल्या. मला वाटलं, पिशवी धरायला कोणीतरी झालं. त्या माझ्यावर पहारा ठेवणार आहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्या दिवशी शेक नव्हता, नुसत्या खुणा करायच्या होत्या. मशीन चालवणारी टेक्निशियन पोरगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं मला कडक फळीवर झोपवलं, डावा हात डोक्यावर नेऊन एका आधारात ठेवला, आणि भिंतीतून येणाऱ्या लाल उजेडाच्या बारीक रेघा माझ्या अंगावर पडल्या. त्या उजेडावरून ती जांभळ्या शाईच्या पेनानं रेघा ओढायला लागली. एक छातीच्या मधोमध, एक उजव्या कुशीला, एक डाव्या काखेच्या खाली. मी पडल्या पडल्या मान तिरकी करून तिचा हात बघत होते. काखेखालची रेघ तिनं दोनदा पेन उचलून पुरी केली. मी असते तर एका दमात ओढली असती. हे मी मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मी बोलले.

"मॅडम, ही जरा थरथरली."

"मावशी, तुम्ही श्वास घेतला," ती म्हणाली. "हलू नका."

नंतर तिनं मला उठवून बसवलं आणि सासूबाईंना आत बोलावलं, कारण पेशंट एकटा ऐकतो आणि विसरतो, असं तिचं म्हणणं. "या रेघांवर मशीन लावायची आहे रोज. घासायच्या नाहीत, साबण लावायचा नाही यांच्यावर. घामानं फिकट होतील, होऊ द्या. इथं आल्यावर आम्हाला सांगा, आम्ही परत करू. घरी कोणी हात लावायचा नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. माझी मान हलते तेव्हा कान ऐकत असतातच असं नाही.

मग नर्सबाईंकडं गेलो. त्वचेची काळजी कशी घ्यायची ते त्या प्रत्येक नव्या पेशंटला समोर बसवून सांगतात. त्यांनी आधी माझ्या ब्लाउजकडं बघितलं. मुंढ्यात बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही.

"हा कोणी शिवला?"

"मीच," मी म्हणाले, आणि कौतुकाची वाट बघत बसले.

"छान आहे. आता शेक संपून अंग भरून येईस्तोवर घालू नका."

त्यांचं म्हणणं असं की शेक जिथं पडतो तिथली कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत लाल, काळी पडायला लागते, उन्हानं भाजल्यासारखी. तिथं काहीही घासलं की ती लवकर फाटते. म्हणून घट्ट ब्लाउज नको, ब्रा नको, नायलॉन नको, जरीची कड नको, खांद्याची पिन नको. जुनं, मऊ, सुती, ढगळ. पुढून उघडणारं असेल तर बरं, कारण हात वर करून डोक्यातून काढताना ताण पडतो. शाईचे डाग पडतील म्हणून चांगलं काही घालू नका. मंगळसूत्र लांब असेल तर तेही छातीवर घासतं, काही दिवस आखूड घाला नाहीतर काढून ठेवा.

"आंघोळ?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज करा. कोमट पाणी. बिनवासाचा साधा साबण, तोही हातानं हलका, रेघा सोडून. दगड नाही, घासणी नाही. पुसायचं म्हणजे मऊ कापड नुसतं टेकवून टिपायचं, रगडायचं नाही. काखेतले केस वस्तऱ्यानं काढायचे नाहीत. पावडर, अत्तर, तेल, काही नाही."

"हळद?" सासूबाईंनी परत विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न येणारच होता. त्या दिवसांत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं हळदच होती.

"हळद नाही, कोरफड नाही, दही नाही, कोणाच्या गावची जडीबुटी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली ही क्रीम. शेकाच्या आधी लावायची नाही. शेक झाल्यावर आणि झोपताना, पातळ, वरच्या वर. कातडी कुठं फुटली, पाणी सुटलं, तर त्या जागी हीसुद्धा लावायची नाही, मला दाखवायचं."

मला मनातून खात्री होती की घरी गेल्यावर सासूबाई हळदीचा लेप कालवतील आणि मला त्यांना समजवावं लागेल. मी बसमध्ये भाषणही तयार केलं. त्याची गरज पडली नाही. वसमत यायच्या आधीच सासूबाईंनी शेजारच्या सीटवरच्या बाईला सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं होतं, रेघांपासून वस्तऱ्यापर्यंत. ती बाई मधे म्हणाली की तिच्या जावेनं हळद-साय लावली होती. तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरी ढिगानं हाय हळद. कमी हाय म्हून न्हाई लावत असं न्हाई."

घरी आल्यावर मी कपड्याच्या मागं लागले. सासूबाईंनी त्यांची एक जुनी सुती साडी दिली, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात पाण्यासारखी घसरत होती. पुढून बटणांचा, बाह्या रुंद, कमरेपर्यंत सैल असा झगा शिवायचा होता. अर्ध्या तासाचं काम. मला त्याला पूर्ण दुपार लागली, कारण मला ढगळ शिवता येईना. मी कापड कापलं की हात आपोआप कमरेला आत वळायचा. शेवटी मी ठरवलं, जरासे टक्स टाकू. छातीच्या खाली दोन, पाठीला दोन. कोणाला दिसणार आहे? दिसायला तरी बाईसारखं दिसेल.

संध्याकाळी घालून आरशापुढं उभी राहिले. फार छान बसला होता. हीच अडचण होती.

सासूबाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं आणि कप मशिनीवर ठेवला. "हे काय?"

"झगा."

"हात वर कर."

मी हात वर केला. काखेत कापड ताणलं.

"काढ," त्या म्हणाल्या. मी काढला. त्यांनी चष्मा लावला, माझीच उसवणी घेतली आणि उंबऱ्यात बसून चारही टक्स उसवले. मी चहा प्यायले. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर सासूनं आपलं शिवण उसवावं आणि आपण ते गप बघत बसावं, असा प्रसंग माझ्या दुकानात पहिल्यांदाच घडला.

दुसऱ्या दिवशी तो झगा घालून मी दुकानाच्या दारात उभी होते तेव्हा एक जुनी गिऱ्हाईक आली. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "भाभी, काहून असं घातलंय? तब्येत बराबर न्हाई का?" तब्येतीचं तिला आधीच माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. तिला काळजी झग्याची होती. माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकायचा का नको, असा विचार तिच्या तोंडावर मला साफ दिसला.

पहिले काही दिवस शेकात काहीच जाणवलं नाही. झोपायचं, हात वर, मशीन गरगरते, उठायचं. जितका वेळ शेक, त्याच्या कितीतरी पट वेळ बस. मला वाटलं, नर्सबाई उगाच घाबरवत होत्या. मग तिसऱ्या आठवड्यात कातडी बोलायला लागली. आधी नुसती गरम. मग लालसर, मग खाजरी. काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत सगळ्यात जास्त, जिथं घाम साचतो आणि कातडीला कातडी लागते. ऊन तर असं तापलेलं की बसच्या खिडकीला हात लावला की चटका. नर्सबाईंनी सांगितलं होतं की खाज आली तर खाजवायचं नाही. मी नखांनी खाजवत नव्हते. मी कपड्यावरून, तळव्यानं, हलकं दाबत होते, आणि सासूबाई डोळे मिटून बसल्यात असं बघूनच दाबत होते.

"हात खाली," त्या डोळे न उघडता म्हणायच्या.

रेघा फिकट होत होत्या. टेक्निशियन पोरगी दर दोन-तीन दिवसांनी त्या परत गडद करायची, मलाही त्याची सवय झाली होती. मग एक शनिवार-रविवार आला, आमच्याकडं हळद पोत्यात भरायची गडबड होती. मी पोत्यांना हात लावत नव्हते, पण चहा-पाणी करत घरात-बाहेर चालू होतं. घामानं सगळं अंग भिजलेलं. रविवारी संध्याकाळी आंघोळ करून आरशापुढं टिपत होते तर काखेखालची रेघ जवळजवळ गेलेली. मधे दोन बोटं राहिली होती, बाकी कातडीच्या लालीत कुठं होती ते शोधावं लागत होतं.

आता नीट विचार केला तर सोपं होतं. सकाळी जायचंच होतं. गेल्यावर सांगायचं, रेघ गेली. एवढंच. पण मला वाटलं, रेघ गेली म्हणजे माझा निष्काळजीपणा. पोरगी म्हणेल, मावशी घासली का? सासूबाईंसमोर म्हणेल. आणि दुसरं म्हणजे मी सगळं आयुष्य रेघा ओढत आले. खडूनं ओढते, कात्रीनं ओढते. दोन बोटं रेघ शिल्लक आहे, ती दोन्हीकडं लांबवायची, याला काय शास्त्र लागतं? लेकीच्या कंपासपेटीत जाड पक्क्या शाईचा पेन होता. दार लावलं, आरशात बघितलं, पेन उघडला, श्वास धरला आणि एका दमात ओढली. सरळ, एकसारखी. त्या पोरीच्या रेघेपेक्षा चांगली. मी आरशात स्वतःकडं बघून समाधानानं मान डोलावली, हे मला लपवायचं नाही.

सोमवारी मी फळीवर झोपले, हात वर नेला. पोरीनं उजेड लावला. मधली रेघ जुळली. उजवी जुळली. डावीकडं ती वाकली आणि थांबली. परत मागं गेली, फळी थोडी हलवली, परत आली.

"मावशी, ही रेघ कोणी केली?"

"फिकट झाली होती," मी म्हणाले.

"कोणी केली?"

"मी."

तिनं आवाज चढवला नाही. बाहेर जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. मी हात वर करून पडलेली, अंगावर दोन रंगांच्या रेघा. जांभळी त्यांची, निळसर काळी माझी. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "ओढताना हात कुठं होता?"

"खाली. आरशापुढं उभी होते."

"आणि आता कुठं आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो मशिनीतला नव्हता. टेबलावर अंथरलेलं कापड आणि अंगावर चढलेलं कापड एकसारखं पडत नाही, हे मी शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी सांगते. मुंढ्याचं माप घेताना बाईला हात उचलायला लावते. हात वर गेला की काखेखालचं सगळं वर सरकतं. उभं राहून, हात खाली सोडून, आरशात बघून ओढलेली माझी ती सुंदर रेघ, झोपून हात वर नेल्यावर बोटभर दुसरीकडं गेली होती.

"डॉक्टर, चुकीच्या जागी शेक बसला असता का?" मी विचारलं.

"म्हणूनच आम्ही एका रेघेवर भागवत नाही," ते म्हणाले. "तिन्ही जुळवतो, मापं बघतो, फोटो काढतो. आजही काढू. पण तुम्ही आमचं काम वाढवलंत."

मला खाली उतरवलं, बाहेर बसवलं. बाकीच्यांचे शेक उरकल्यावर परत घेतलं. मशीनवरच फोटो काढून पहिल्या फोटोशी ताडून बघितला, डॉक्टरांनी पसंत केला, मग पोरीनं जांभळ्या पेनानं खरी रेघ खऱ्या जागी ओढली. माझी रेघ पुसायची होती, पण पक्क्या शाईची. स्पिरिटनं निघाली असती. पण त्या लाल कातडीला स्पिरिट लावायचं नाही, रगडायचं तर मुळीच नाही. मग पोरीनं काय केलं, तर माझ्या रेघेवर छोट्या छोट्या फुल्या मारल्या. एक, दोन, तीन, शेवटपर्यंत. ही मोजायची नाही, अशी खूण. मीही चुकलेल्या खडूच्या रेघेवर अशाच फुल्या मारते. ती शाई जाईपर्यंत रोज सकाळी कपडे बदलताना मला त्या फुल्या दिसत होत्या.

बाहेर सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, त्या दारात लोक एकमेकांना सगळं सांगतात. त्यांनी मला पाणी दिलं. मी बोलणी खायची वाट बघत होते. बस सुटली, मालेगावचा फाटा गेला. शेवटी मीच म्हणाले, "आत्या, बोला काय बोलायचं ते."

"काय बोलू," त्या म्हणाल्या. "रेघ सरळ व्हती म्हणली ती पोरगी."

एवढ्यावर त्यांनी माझी सुटका केली. पण घरी गेल्यावर लेकीची कंपासपेटी त्यांच्या खोलीत गेली.

शेवटच्या आठवड्यात काखेतली कातडी फुटली. दमट, दुखरी, कापड टेकलं तरी डोळ्यांत पाणी. माझ्या मनात पहिला विचार आला तो क्रीम जाड थापायचा. पण माझ्या मनात जो पहिला विचार येतो तो करायचा नाही, एवढी अक्कल मला एव्हाना आली होती. नर्सबाईंना दाखवलं. त्यांनी ती जागा धुऊन, न चिकटणारी पट्टी ठेवून, वरून सैल सुती पट्टा बांधला. चिकटपट्टी कातडीला लावली नाही. "घाबरू नका, होतं असं," त्या म्हणाल्या. "पण एक ऐका. शेक संपल्या संपल्या बरं वाटणार नाही. उलट आठ-दहा दिवस आणखी चिडेल, मग भरून येईल. तेव्हा गावाकडं बसून काहीतरी प्रयोग करू नका."

त्यांनी प्रयोग हा शब्द माझ्याकडं बघून म्हटला. दवाखान्यात माझी ख्याती झाली होती.

तसंच झालं. शेक संपला, घरी आले, आणि कातडी आणखी चिडली. त्या दिवसांत मी सावलीत बसून राहिले. ऊन त्या जागेवर पडू द्यायचं नाही म्हणून पदर गळ्यापर्यंत. सासूबाई तांब्यानं कोमट पाणी खांद्यावरून हळू सोडायच्या, अंगावर धार मारायची नाही म्हणून. मग पंच्याच्या जुन्या तुकड्यानं टिपायच्या. माझ्या आईनं लहानपणी मला अशी आंघोळ घातली असेल, पण ते मला आठवत नाही. हे आठवतं. बोलायच्या त्या दुसरंच काही, हळदीचा भाव, कोणाचं लग्न. मी डोळे मिटून घ्यायची. हळूहळू पाणी सुटायचं थांबलं, कोरड्या खपल्या निघाल्या, खाली गुलाबी कातडी आली. रेघा आपोआप गेल्या, त्यांच्याही आणि माझ्याही. आता तिथं गव्हाळ रंगावर एक गडद पट्टा आहे आणि काख थोडी ताठ आहे. तपासणीला गेले की डॉक्टर ठीक आहे म्हणतात.

वाट बघायच्या बाकावर एक कळमनुरीची बाई भेटली होती. ती तेव्हा नुसती डॉक्टरांना दाखवायला आली होती, तिचा शेक माझा संपल्यावर सुरू झाला. तिनं माझा झगा बघून तसाच एक शिवून मागितला होता. मी शिवला, एकही टक्स न टाकता. तो बघून आणखी दोघींनी मागितले. नर्सबाईंनी एक नव्या पेशंटना दाखवायला ठेवूनही घेतला. म्हणजे माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या कपड्यांत सगळ्यात जास्त मागणी आली ती जो अंगाला कुठंच बसत नाही अशा कपड्याला. मला यावर काय वाटावं ते अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात त्या कळमनुरीच्या बाईचा फोन आला. तिची कातडी लाल झाली होती. शेजारणीनं कसलंतरी मलम आणून दिलं होतं, फार गुणाचं म्हणे. "ताई, तुमी तर सगळं करून बसल्यात. लावू का?"

मी शिलाई थांबवली. खरं सांगायचं तर उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, सविस्तर, एखाद्या डॉक्टरासारखं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण हाय?"

"माझं ऐकू नका," मी फोनवर म्हणाले. "लावू नका काही, आन् उद्या सकाळी पहिलं नर्सबाईंना दाखवा. ते मलमही पिशवीत घेऊन जा."

"बरं," ती म्हणाली. आणि पुढं, "आन् ताई, झगा एक आणखी लागंल. उन्हाचा घाम लई येऊन राहिला."

मी तिला विचारलं, कोणता रंग पाहिजे.